बाळाचे चोंदलेले नाक आणि सर्दी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

येथील उत्तरे जन्मापासून साधारण एक वर्षापर्यंतच्या, एरवी निरोगी असलेल्या बाळांसाठी आहेत. अपुऱ्या दिवसांचे जन्मलेले बाळ, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जन्मजात आजार असलेले बाळ आणि दोन महिन्यांपेक्षा लहान बाळ यांच्या बाबतीत घरगुती उपायांवर दिवस न घालवता पहिल्या दिवशीच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

नाक चोंदल्यावर मोठ्या माणसापेक्षा बाळाला इतका जास्त त्रास का होतो?

आपले नाक बंद झाले की आपण नकळत तोंडाने श्वास घेऊ लागतो. पहिल्या काही महिन्यांतील बाळाला मात्र ही सवय झालेली नसते आणि ते जवळजवळ पूर्णपणे नाकानेच श्वास घेते. त्यातच त्याच्या नाकपुडीची वाट इतकी अरुंद असते की आतील अस्तराला आलेली थोडीशी सूज किंवा वाळलेल्या शेंबडाची एखादी खपलीसुद्धा ती वाट अडवायला पुरते. बाळाला नाक शिंकरता येत नाही, त्यामुळे जे साचते ते तेथेच राहते.

याचा पहिला फटका दूध पिण्याला बसतो. दूध ओढताना बाळाचे तोंड स्तनावर घट्ट बसलेले असते आणि श्वास नाकातूनच चालू असतो. नाक बंद असेल तर चार-पाच घोट घेतले की ते स्तन सोडते, रडते, पुन्हा पकडते आणि पुन्हा सोडते. घरच्यांना वाटते की बाळाला भूक नाही, किंवा आईचे दूध कमी झाले आहे. प्रत्यक्षात बाळ भुकेले असते, पण त्याला एकाच वेळी पिणे आणि श्वास घेणे जमत नसते. म्हणूनच बाळाच्या सर्दीत नाक किती वाहते यापेक्षा बाळ किती पिते हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे, आणि पुढे सांगितलेले सर्व उपायही त्याला नीट पिता यावे याच हेतूने करायचे आहेत.

आमचे बाळ तीन आठवड्यांचे आहे. त्याचे नाक सारखे वाजते आणि शिंकाही येतात. ही सर्दी आहे का?

बहुतेक वेळा नाही. पहिल्या काही आठवड्यांत अरुंद नाकातून हवा जाताना घरघर ऐकू येते, आणि नाकात गेलेली धूळ किंवा पिताना मागून वर आलेले दूध बाहेर काढण्याचा नवजात बाळाचा मार्ग शिंक हाच असतो. बाळ व्यवस्थित पीत असेल, शांत झोपत असेल, अंग गरम नसेल आणि नाकातून पाणी गळत नसेल, तर काहीही करण्याची गरज नसते. बाळाच्या पाठीवर हात ठेवला असता घरघर हाताला जाणवते, तेव्हा अनेक आज्यांना छाती भरल्याची शंका येते. पण नाकातील आवाजही पाठीपर्यंत जाणवतो. नाक मोकळे केल्यावर तो आवाज थांबला, तर तो नाकाचाच होता असे समजावे.

जन्मापासून एकच नाकपुडी सतत बंद असेल, किंवा बाळ शांत असताना निळसर होऊन रडू लागले की गुलाबी होत असेल, तर ही निराळी बाब आहे आणि ती डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायला हवी.

सर्दी किती दिवस राहते? शेंबूड हिरवा झाला म्हणजे प्रतिजैविक हवे का?

सर्दी विषाणूंमुळे होते. साधारणपणे पहिल्या दिवशी नाकातून पाणी गळते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसापर्यंत त्रास वाढतो, आणि त्यानंतर तो उतरू लागतो. नाक सात ते दहा दिवसांत बऱ्यापैकी मोकळे होते, पण थोडासा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. तिसरा दिवस सर्वांत वाईट जाणे हा आजाराचा नेहमीचा क्रम आहे. घाबरून औषधे आणली जातात तीही नेमकी याच दिवशी, आणि मग चौथ्या-पाचव्या दिवशी आपोआप पडलेल्या उताराचे श्रेय त्या औषधाला मिळते.

शेंबूड आधी पाण्यासारखा, मग घट्ट पांढरा, पिवळा आणि हिरवट होणे हाही याच क्रमाचा भाग आहे. त्या रंगावरून जिवाणूंचा संसर्ग झाला असे ठरत नाही, आणि विषाणूंवर प्रतिजैविक चालत नाही. याउलट दहा दिवसांनंतरही उतार पडला नाही, किंवा बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप चढला, तर तपासणी करून घ्यावी. रांगणाऱ्या बाळाच्या एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर तेथे हरभरा, मणी किंवा स्पंजचा तुकडा अडकलेला असू शकतो. तो घरी चिमट्याने काढू नये.

मग नाक मोकळे कशाने करावे?

मिठाच्या पाण्याच्या थेंबांनी. औषधाच्या दुकानात ते सलाईनचे नाकात घालायचे थेंब या नावाने मिळतात आणि त्यांत ०.६५ टक्के किंवा ०.९ टक्के सोडियम क्लोराइड, म्हणजे साधे मीठ असते. हे थेंब नाकाच्या अस्तरावर औषधासारखा परिणाम करत नाहीत. ते घट्ट शेंबूड आणि खपली भिजवून सैल करतात, एवढेच. त्यामुळे त्यांची सवय लागत नाही आणि दिवसातून अनेकदा घातले तरी चालतात.

बाटली विकत घेताना एक काळजी अवश्य घ्यावी. मिठाचे थेंब आणि नाक सुकवणारे औषधी थेंब अनेकदा सारख्याच आकाराच्या बाटलीत, जवळजवळ सारख्या नावाने आणि बाळाच्या चित्रासह विकले जातात. नाव किंवा चित्र न पाहता घटक वाचावेत. तेथे केवळ सोडियम क्लोराइड असेल तर ती बाटली घ्यावी. ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिन किंवा नॅफाझोलिन यांपैकी काहीही लिहिले असेल, तर ‘मुलांसाठी’ असे छापलेले असले तरी डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय ते बाळाच्या नाकात घालू नये.

थेंब घालण्याची योग्य पद्धत कोणती?

येथे वेळ साधणे सर्वांत महत्त्वाचे आहे. थेंब दूध पाजण्यापूर्वी दहा ते पंधरा मिनिटे आधी आणि रात्री झोपवण्यापूर्वी घालावेत. दूध पाजल्यावर लगेच घातले तर बाळ रडते, ठसका लागतो आणि प्यायलेले सर्व दूध उलटून पडते. ‘थेंब आमच्या बाळाला सोसत नाहीत’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण बहुधा एवढेच असते.

हात साबणाने धुवावेत. बाटली थंड असेल तर ती दोन मिनिटे मुठीत धरून कोमट करावी. बाळाला उताणे निजवून, दोन्ही हात आत घेऊन दुपट्यात सैलसर गुंडाळावे, म्हणजे ते मध्येच हात मारणार नाही. खांद्यांखाली हातरुमालाची पातळ घडी ठेवली की डोके किंचित मागे जाते. बाटलीचे टोक नाकपुडीला न लावता, वरून एका नाकपुडीत दोन थेंब सोडावेत आणि मग दुसऱ्या नाकपुडीत दोन. बाळ शिंकेल किंवा रडेल, त्याने बिघडत नाही. शिंकेबरोबर बराचसा शेंबूड बाहेर येतो. साधारण एक मिनिट तसेच थांबावे, कारण खपली भिजायला तेवढा वेळ लागतो. मग बाळाला उभे धरून, जे बाहेर आले ते मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे.

नाकपुडीच्या तोंडाशी चिकटलेली खपली दिसत असेल, तर सुती कापडाची मऊ वात वळून ती मिठाच्या पाण्यात भिजवावी आणि केवळ दिसणारा भाग पुसून घ्यावा. कान साफ करायची कापसाची काडी नाकात घालू नये. बाळाने मान हलवली तर ती आत टोचते, आणि शेंबूड बाहेर येण्याऐवजी आत ढकलला जातो.

पहिल्या फेरीत उपयोग झाला नाही असे वाटले तर पाच मिनिटांनी तीच कृती पुन्हा करावी. दिवसभरात चार ते सहा वेळा, प्रामुख्याने पाजण्याच्या आधी, एवढे पुरते.

शेंबूड ओढून काढायचा रबरी फुगा वापरावा का?

थेंब घालूनही बाळाला पिता येत नसेल तर वापरावा. नाक केवळ वाहत असेल आणि बाळ नीट पीत असेल तर वापरू नये. फुगा आधी बाहेरच दाबावा, दाबलेला असतानाच त्याचे टोक नाकपुडीच्या अगदी तोंडाशी लावावे, आणि मग दाब हळूहळू सोडावा. आत घातल्यावर दाबला तर हवा आत जाऊन शेंबूड आणखी मागे सरकतो. टोक आत खोलवर घालू नये. थेंबांनी भिजवल्याशिवाय कोरडे ओढू नये.

दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा अधिक ओढल्यास अस्तर सुजते, आणि मग नाक शेंबडाने नव्हे तर त्या सुजेने बंद राहते. ओढूनही काही येत नाही, पण नाक बंदच आहे, कधी रक्ताची बारीक रेघ दिसते, अशी स्थिती आली तर एक-दोन दिवस ओढणे पूर्ण थांबवून केवळ थेंब चालू ठेवावेत. फुगा प्रत्येक वेळी साबणाच्या कोमट पाण्याने आतून धुऊन, पिळून, टोक खाली करून वाळवावा. आत ओल राहिली तर बुरशी धरते, आणि अपारदर्शक रबरामुळे ती दिसत नाही.

काही घरांत मालिश करणारी बाई बाळाचे नाक स्वतःच्या तोंडाने ओढते किंवा नाकात फुंकर मारते. तिच्या मनात माया असते, याविषयी शंका नाही. परंतु मोठ्या माणसाच्या तोंडातील जंतू थेट बाळाच्या नाकात जात असल्याने ही पद्धत नम्रपणे पण ठामपणे नाकारावी.

मिठाचे पाणी घरी करता येईल का?

तयार थेंबांची बाटली स्वस्त असते आणि निर्जंतुक असते, म्हणून तीच वापरावी. दुकान दूर असेल आणि रात्र काढायची असेल, तर २४० मिलिलिटर पाणी उकळून, झाकून कोमट होऊ द्यावे आणि त्यात मोजमापाच्या चमच्याने अर्धा छोटा चमचा, म्हणजे २.५ मिलिलिटरच्या चमच्याने सपाट एक चमचा मीठ पूर्ण विरघळवावे. चिमटीने अंदाज करू नये. मीठ जास्त झाले तर नाक चुरचुरते, आणि अगदीच कमी झाले तरी साध्या पाण्यासारखे झोंबते. हे पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. ओआरएसचे पाणी नाकात घालू नये. त्यात साखर असते.

घरात मोठ्यांचे सर्दीचे औषध आहे. ते अगदी थोडे, किंवा पाणी घालून दिले तर काय होईल?

असे करू नये, आणि ‘थोडे’ या शब्दावर येथे विसंबून राहता येत नाही. नाक सुकवणारे थेंब रक्तवाहिन्या आकसून काम करतात. बाळाच्या वजनाच्या मानाने नाकाचे अस्तर औषध लवकर शोषते आणि घशात उतरलेला भाग पोटातूनही रक्तात जातो, त्यामुळे दोन-चार थेंबांनीही बाळ सुस्त होणे, हृदयाचे ठोके मंदावणे, अंग गार पडणे आणि श्वास कमी होणे असे परिणाम होऊ शकतात. पाणी घालून बाटलीतील प्रमाण किती राहिले हे घरी कोणालाच मोजता येत नाही. शिवाय असे थेंब काही दिवस सतत वापरले तर ते थांबवल्यावर नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते.

सर्दीच्या पातळ औषधांत सहसा क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन ही दोन औषधे एकत्र असतात. पहिल्याने गुंगी येते, आणि बाळ शांत झोपल्याचे पाहून घरच्यांना औषध लागू पडले असे वाटते. खरे पाहता आजारी बाळाची दूध मागण्याची आणि खोकून घसा मोकळा करण्याची शक्ती त्या गुंगीने कमी झालेली असते. भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये या दोन्हींच्या मिश्रणावर चार वर्षांखालील मुलांना वापरू नये असा इशारा छापण्याचा आदेश दिला. त्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेल्या खोकल्याच्या औषधामुळे मूत्रपिंडे निकामी होऊन अनेक बालके दगावली. त्यांपैकी कितीतरी बाळांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते, म्हणून विदर्भातील पालकांना ही घटना अगदी जवळून ठाऊक आहे. त्याच वेळी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे लिहून देऊ नयेत किंवा देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती सर्वसाधारणपणे टाळावीत, अशी सूचना काढली. भेसळ नसलेल्या औषधांनाही ही सूचना लागू आहे, कारण या वयात त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि धोका मात्र आहे.

म्हणून मोठ्या भावंडाच्या वेळची उरलेली बाटली, शेजारच्या बाळाला लागू पडलेले औषध आणि दुकानदाराने चिठ्ठीशिवाय दिलेले औषध, ही तिन्ही बाजूला ठेवावीत.

कापूर आणि ओव्याची पुरचुंडी, बाम, वेखंड, धुरी यांना काय हरकत आहे? आमच्या घरी हे सर्व पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

हा प्रश्न आजीच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून सोडवायला हवा, कारण यांतील काही गोष्टी निरुपद्रवी आहेत आणि काही खरोखर धोक्याच्या.

धोक्याचा आहे तो कापूर. कापूर मेंदूवर काम करतो, तो पोटात गेला किंवा त्वचेतून आणि श्वासातून अधिक प्रमाणात शोषला गेला तर बाळाला झटके येऊ शकतात, आणि त्यासाठी लागणारे प्रमाण फार थोडे असते. गळ्यात किंवा झबल्याला बांधलेली पुरचुंडी बाळ केव्हा तोंडात घालेल याचा भरवसा नसतो, आणि गळ्यातील दोऱ्याने गळा आवळण्याचा धोका वेगळाच असतो. कापूर तेलात विरघळवून छातीला चोळणे हेदेखील यातच येते. छातीला चोळायच्या बामांत कापराबरोबर मेंथॉल असते, आणि मेंथॉलच्या तीव्र वासाने लहान बाळाचा श्वास क्षणभर अडकू शकतो. मोठ्यांना बाम लावल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते ते मेंथॉलच्या थंड जाणिवेमुळे. नाकाची वाट तेवढीच अरुंद राहिलेली असते. दोन वर्षांखालील बाळाला बाम नाकाखाली, छातीवर, पाठीवर किंवा तळपायालाही लावू नये.

धुरी दिल्याने शेंबूड सुकत नाही. शेगडीवर ओवा, लसणीची साले किंवा धूप टाकून अंघोळीनंतर बाळाला त्या धुरावर धरले जाते. त्या धुराने आधीच सुजलेले अस्तर आणखी सुजते आणि खोकला वाढतो. उदबत्ती, डासांची कॉइल आणि चुलीचा धूर यांनाही हेच लागू आहे, आणि घरातील कोणी धूम्रपान करत असेल तर ते घराबाहेर करूनही कपड्यांवर वास घेऊन बाळाजवळ येऊ नये. वेखंड पोटात देऊ नये आणि त्याची पूड अंगाला फासू नये; बारीक पूड श्वासातून आत जाते.

केवळ ओवा तव्यावर भाजून, कापडात बांधून खोलीच्या कोपऱ्यात ठेवल्याने बाळाला अपाय होण्याची शक्यता फारशी नाही, मात्र नाक मोकळे होण्याचीही नाही. आजीला काही करण्याचे समाधान हवे असेल, तर पाजण्याआधी बाळाला मांडीवर घेऊन थेंब घालण्याचे काम तिलाच द्यावे. जुन्या बोटांना बाळ धरण्याचे कसब असते आणि ते येथे खरोखर उपयोगी पडते.

नाकात तेल, तूप किंवा आईचे दूध घालावे का? आणि मध चाटवावा का?

तेल आणि तूप घालू नये. नाकातून ते घशात व तेथून श्वासनलिकेत उतरू शकते, फुप्फुसात साचलेले तेल शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही, आणि त्यातून न्यूमोनियाचा एक प्रकार होतो. खोबरेल तेल अंगाला लावायला हरकत नाही. नाकात आणि कानात नको. आईचे दूध बाळाच्या पोटात जितके मोलाचे, तितके ते नाकात नाही. ते सुकून स्वतःच खपली धरते.

एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मध बोटभरही देऊ नये. मधात बोट्युलिझम या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, आणि बाळाच्या आतड्यात ते वाढून स्नायू लुळे पडू शकतात. तुळशीचा किंवा आल्याचा रस मधातून देणे हेही यात आलेच.

वाफ द्यावी का?

बाळाला वाफेवर धरू नये. घरातील भाजण्याचे गंभीर प्रसंग पातेल्यातील उकळते पाणी सांडून घडतात, आणि वाफेमुळे सर्दी लवकर बरी होत नाही. खोलीतील हवा फार कोरडी असेल, विशेषतः वातानुकूलित खोलीत, तर यंत्राचा गार वारा थेट बाळावर येऊ देऊ नये. अंघोळ बंद करण्याची गरज नाही. कोमट पाण्याने, दारे लावून, लवकर आटोपावी आणि अंग व डोके लगेच कोरडे करावे.

ताप आला तर पॅरासिटामॉल देता येते का?

तीन महिन्यांच्या आतील बाळाला ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर घरी औषध न देता ताबडतोब रुग्णालयात न्यावे. त्याहून मोठ्या बाळाला डॉक्टरांनी वजनानुसार लिहून दिलेले पॅरासिटामॉल देता येते. त्याने ताप आणि कणकण कमी होते. नाक मोकळे होत नाही, त्यामुळे ताप नसताना सर्दीसाठी ते देण्यात अर्थ नाही.

यात एक चूक वारंवार होते. पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते, तर नेहमीच्या पातळ औषधात पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये केवळ २४. डॉक्टरांनी ८० मिलिग्रॅम सांगितले असेल, तर ते थेंबांचे ०.८ मिलिलिटर होतात आणि पातळ औषधाचे सुमारे ३.३ मिलिलिटर. पूर्वी बाटलीतून ३.३ मिलिलिटर देत होतो म्हणून थेंबांचेही तेवढेच दिले, तर चौपट मात्रा जाते. यासाठी चिठ्ठीवर औषधाची तीव्रता आणि मिलिलिटर दोन्ही लिहून मागावेत आणि बाटलीसोबत आलेले मापच वापरावे. अ‍ॅस्पिरिन मुलांना देऊ नये.

आईला सर्दी आहे. अंगावर पाजावे का, आणि तिने दही-केळे बंद करावे का?

पाजणे चालूच ठेवावे. आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे दुधातून बाळाला मिळतात. बाळाजवळ जाण्यापूर्वी आईने हात धुवावेत, पाजताना मास्क लावावा आणि बाळाचे पापे घेणे काही दिवस थांबवावे. सर्दी दुधातून लागत नाही, ती हातांतून आणि शिंकेच्या तुषारांतून लागते. त्यामुळे आईने दही, केळे, काकडी किंवा भात खाल्ला म्हणून बाळाला सर्दी होत नाही, आणि बाळंतिणीचे जेवण तोडण्याचे काहीही कारण नाही. आईने स्वतःसाठी सर्दीचे औषध मात्र डॉक्टरांना विचारून घ्यावे. स्यूडोएफेड्रिनसारख्या औषधाने दूध कमी होऊ शकते.

हे सर्व प्रत्यक्षात कसे जुळवावे? एखादे उदाहरण सांगाल का?

समजा, बाळ चार महिन्यांचे आहे, वजन सहा किलो, केवळ अंगावर पिते, आणि घरातील मोठ्या भावाला शाळेतून सर्दी आली आहे. सोमवारी बाळाच्या नाकातून पाणी गळू लागते. बाळ नेहमीसारखे पिते, म्हणून त्या दिवशी केवळ नाक टिपत राहावे. मंगळवारी रात्री नाक बंद होते, बाळ दोन मिनिटे पिऊन सोडते. येथून पाजण्याआधी, दिवसातून चार ते सहा वेळा, थेंब सुरू करावेत, आणि एका वेळी वीस मिनिटे पाजण्याचा हट्ट सोडून दर दीड-दोन तासांनी थोडे थोडे पाजावे. दिवसभरात पोटात जाणारे दूध त्यामुळे साधारण तेवढेच राहते. दूध कमी जाते म्हणून वरचे पाणी किंवा काढा देऊ नये. सहा महिन्यांपर्यंत पाणीही केवळ दुधातूनच.

बुधवार हा तिसरा दिवस. बाळाला ९९.५ अंश फॅरेनहाइट आहे, रात्री तीनदा उठते, आजी म्हणते छाती भरली. आता आईने थेंब घालून नाक मोकळे करावे, बाळ शांत झाल्यावर झबले वर करून पोटाची हालचाल पाहावी आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. एक वर-खाली म्हणजे एक श्वास. आकडा ४२ आला, बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात नाही, आणि सकाळपासून चार लंगोट ओले झाले आहेत, तर ही साधी सर्दी आहे आणि पुढच्या पाजण्याची वेळ होईपर्यंत झोपायला हरकत नाही. बाळाला सपाट गादीवर उताणेच निजवावे. डोके उंच करण्यासाठी उशी ठेवल्यास मान पुढे वाकून श्वासाची वाट अधिक अरुंद होते. शुक्रवारपर्यंत पाजण्याचा वेळ पुन्हा लांबू लागतो, आणि मग थेंब केवळ झोपण्याआधी पुरतात.

याच बुधवारी आकडा ५६ आला असता, तर बाळ हसत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे लागले असते.

कोणत्या लक्षणांवर लगेच दवाखाना गाठावा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा अधिक असतील, तर श्वास वेगाने चालला आहे असे समजतात. रडताना, तापात किंवा पीत असताना मोजलेला आकडा फसवा असतो, म्हणून शांत झाल्यावर पुन्हा मोजावा. दोन महिन्यांखालील बाळात दुसऱ्यांदाही ६० आले तर थांबू नये.

श्वास घेताना छातीखालचा भाग आत खेचला जाणे, नाकपुड्या फुलणे, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येणे, नेहमीच्या निम्म्यापेक्षा कमी पिणे, किंवा आठ तासांत एकही लंगोट ओला न होणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच वेळी निघावे. ओठ किंवा जीभ निळसर होणे, मध्येच श्वास थांबणे, झटका येणे, किंवा बाळ इतके सुस्त होणे की पाजायलाही जागे करता येत नाही, या स्थितीत वाहन शोधत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. काही बाळांत तिसऱ्या-चौथ्या दिवशी सर्दी छातीतील बारीक श्वासनलिकांपर्यंत उतरते, म्हणून याच दोन दिवसांत श्वास सकाळ-संध्याकाळ मोजावेत.

उरलेले थेंब पुढच्या सर्दीसाठी ठेवावेत का?

बाटली उघडल्यावर तिच्यावर पेनाने तारीख लिहावी आणि वेष्टनावर सांगितलेली मुदत, जी बहुधा एका महिन्याची असते, संपली की ती टाकून द्यावी. एकच बाटली दोन मुलांना वापरू नये. आणि ती घरातील मोठ्यांच्या नाकाच्या थेंबांशेजारी ठेवू नये. रात्री दोन वाजता, अंधुक उजेडात, रडणाऱ्या बाळाला कडेवर घेऊन हाताला येईल ती बाटली उचलली जाते.